फोटोत पाच, सिस्टिममध्ये आठ

वीज कंपनीच्या म्हणण्यानुसार माझ्या घरात एका महिन्यात ४४४ युनिट वीज जळली. घरात माणसं तीन, पंखे तीन, फ्रिज एक, आणि पाऊस सुरू झाल्यापासून एसीला कुणी हात लावलेला नाही. एरवी बिल चौदाशेच्या आसपास येतं. या वेळी आलं ५,७९० रुपये. बिलावर मागील रीडिंग ६४१८, चालू रीडिंग ६८६२, दिनांक ३ जुलै. मी ८ जुलैला जिन्याखालच्या मीटर रूममध्ये जाऊन पाहिलं तर मीटरवर आकडा होता ६५८६. म्हणजे कंपनीने माझं मीटर वाचलं नव्हतं, त्याचं भविष्य वाचलं होतं.

हिशेब सरळ होता. ३ तारखेला मीटर ६५६२ च्या घरात असणार. मधला पाच कुणाला तरी आठ दिसला आणि माझ्या डोक्यावर ३०० युनिट येऊन बसले. एका आकड्याची चूक, एक फोन, विषय संपला, असं मला वाटलं. बायकोला तसं वाटलं नाही. ती म्हणाली, "अहो, फोन रेकॉर्ड करा. आणि तारखा लिहून ठेवा. नंतर कुणी काही बोललंच नव्हतं असं सांगतात." तिच्या माहेरी एकदा नळाच्या मीटरवरून असंच झालं होतं, त्याची गोष्ट फार लांब आहे आणि ती मला लग्नापासून पाठ आहे.

तर मी फोन रेकॉर्ड केला. पुढं हे प्रकरण वर न्यायची वेळ आली तर म्हणून तारीखवार टिपण काढायला ते रेकॉर्डिंग ऐकत बसलो, आणि लक्षात आलं की या रेकॉर्डिंगमध्ये मी जवळपास नाहीच. नाना आहेत.

नाना आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. रोज सकाळी आमच्याकडे पेपर वाचायला येतात, कारण त्यांच्या मते स्वतःचा पेपर घेणं ही उधळपट्टी आहे आणि दुसऱ्याचा वाचणं हा शेजारधर्म. ९ जुलैला मी फोन स्पीकरवर टाकून सोफ्यावर ठेवला तेव्हा ते पेपरामागे होते. पेपर खाली आला तो "आपला कॉल गुणवत्ता आणि प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड केला जात आहे" हे वाक्य ऐकून.

"रेकॉर्ड?" नाना म्हणाले. "कोण ऐकणार?"

"कुणी नाही हो नाना. नुसतं म्हणतात तसं."

"नुसतं कसं म्हणतील? सरकारी गोष्ट आहे. रेकॉर्ड झालं की ते कुठंतरी जातं. मुंबईला जात असणार. तिथं साहेब बसून ऐकत असणार."

ते सरकारी खातं राहिलेलं नाही, कंपनी झाली, वगैरे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडून एका मुलीचा आवाज आला. तिनं आधी बारा अंकी ग्राहक क्रमांक विचारला, मग नाव, मग पत्ता, मग बिलावरचा चार अंकी बिलिंग युनिटचा आकडा. मी बिल डोळ्यासमोर धरून एकेक अंक सांगत होतो. ग्राहक क्रमांकाच्या सातव्या अंकाला रेकॉर्डिंगमध्ये खाकरण्याचा आवाज येतो. ते नाना. घसा साफ करत होते.

मिनिट २:४०. मी म्हणतोय, "मॅडम, रीडिंग चुकीचं आलंय." आणि त्याच्यावरून, जवळजवळ माईकमध्ये तोंड घालून, नानांचा आवाज: "रेकॉर्डिंग ऐकणाऱ्या साहेबांना माझा नमस्कार."

पलीकडे शांतता.

"मी यांचा शेजारी. पाटबंधारे खात्यात होतो, चौतीस वर्षं सेवा. मी साक्षीदार म्हणून बोलतोय. या घरात वीज अत्यंत काटकसरीनं वापरतात. मी रोज इथं बसतो, पंखा दोनवर असतो. तीनवर मी पाहिलेला नाही."

हे शेवटचं वाक्य साक्ष नव्हतं, तक्रार होती. ते मला नंतर ऐकताना कळलं.

मुलगी म्हणाली, "सर, तुमच्यापैकी ग्राहक कोण आहेत?"

"ग्राहक हा आहे," नाना म्हणाले, "पण तुम्ही मला विचारा. त्याला मुद्देसूद बोलता येत नाही."

आणि गंमत अशी की तिनं खरंच नानांना विचारायला सुरुवात केली. मी माझ्याच सोफ्यावर बसून माझ्याच बिलाची चौकशी दोन परक्या माणसांमध्ये चाललेली ऐकत होतो. नाना तिला "बाळ" म्हणत होते. ती त्यांना आधी "सर" आणि पुढं "काका" म्हणायला लागली. मधेच त्यांनी तिला तिचं गाव विचारलं. तिनं तालुका सांगितला, तर निघालं की तिथल्या धरणाच्या कालव्यावर नानांनी दोन वर्षं काढली होती. मग कालव्याच्या अस्तरीकरणावर तीन मिनिटं. तिच्या आजोबांच्या शेताला त्या कालव्याचं पाणी अजून पोचलेलं नाही, हे तिनं जरा कडवटपणे सांगितलं. नाना म्हणाले, "तो भाग माझ्या हद्दीत नव्हता." रेकॉर्डिंगचा हा तुकडा वीज ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंचासमोर ठेवायचा की नाही हे माझं शेवटपर्यंत ठरलं नाही.

पण एक कबूल करायला हवं. मला जे सुचलं नसतं ते नानांनी विचारलं. "बाळ, रीडिंग घेणारा पोरगा मीटरचा फोटो काढतो. बिलावर छापतात तो. तुझ्याकडे तो फोटो दिसतो का?"

बिलावरचा फोटो मी पाहिला होता. त्यात काळोखात काहीतरी चौकोनी होतं, एवढंच. तिच्याकडे मात्र तो स्क्रीनवर मोठा दिसत होता. मिनिट ११:२० पासूनचा संवाद मी शब्दशः उतरवून घेतलाय.

"हो काका, फोटो आहे."

"काय दिसतंय?"

"सहा, पाच, सहा, दोन."

मी सोफ्यावरून उठलो. "मॅडम, तेच तर मी म्हणतोय! पाच आहे ना?"

"फोटोत पाच आहे सर."

"मग बिलात आठ कसा?"

"सिस्टिममध्ये आठ आहे सर."

"पण फोटोत पाच आहे ना?"

"हो सर. फोटोत पाच आहे, सिस्टिममध्ये आठ आहे."

"मग खरं काय?"

"सर, बिल सिस्टिमप्रमाणे येतं."

यावर नाना साहेबांना उद्देशून म्हणाले, "साहेब, एवढं ऐकलंत ना? अकरा मिनिटं होऊन गेलीत. लिहून घ्या."

आता मला त्या मुलीचा राग येत नाही. तिच्या हातात फक्त तक्रार नोंदवणं होतं. रीडिंग बदलण्याचा अधिकार तिला नाही, तो आमच्या उपविभाग कार्यालयाच्या बिलिंग सेक्शनला आहे. तिनं तक्रार क्रमांक दिला आणि म्हणाली, "४८ तासांत निराकरण होईल." मी तारीख आणि वेळ लिहून घेतली. रेकॉर्डिंगची प्रत मागितली, तर ती म्हणाली की ते रेकॉर्डिंग तिलाही ऐकता येत नाही. नानांना हे अतिशय योग्य वाटलं. गोपनीय असणारच.

११ जुलैला एसएमएस आला: आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. बिल तेवढंच. मी पुन्हा फोन केला, तेव्हा दुसरा मुलगा होता. त्यानं सांगितलं की तक्रार उपविभागाकडे पाठवली, म्हणून इथली बंद केली. उपविभागाला कळवणं हेच निराकरण. म्हणजे डॉक्टरनं दुसऱ्या डॉक्टरकडे चिठ्ठी लिहून दिली आणि रुग्ण बरा झाला असं जाहीर केलं. हे तत्त्व सगळीकडे लागू केलं तर देशात एकही प्रश्न उरणार नाही.

याच मुलानं मला ते वाक्य ऐकवलं, ज्याच्यावर मी खरा चिडलोय. "सर, टेन्शन घेऊ नका. रीडिंग जास्त लागलंय ना, पुढच्या महिन्यात आपोआप ॲडजस्ट होईल."

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ऐकायला इतकं शहाणपणाचं वाटतं की माणूस थँक्यू म्हणून फोन ठेवतो. मीटर कुठं पळून जातोय? आज ३०० जास्त लागले, तर पुढं तेवढे कमी लागतील. नानांनाही पटलं. मलाही पाचेक मिनिटं पटलं होतं. मग मी बिलाच्या मागच्या बाजूचे दर वाचले.

घरगुती विजेचा दर सगळ्या युनिटांना सारखा नसतो. पहिल्या शंभर युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला त्याच्या दुपटीहून जास्त, आणि ३०१ ते ५०० ला तिपटीच्या आसपास. पायऱ्या दर महिन्याला पहिल्यापासून सुरू होतात. म्हणजे स्वस्तातले शंभर युनिट तुम्हाला दर महिन्याला नव्यानं मिळतात आणि त्या महिन्यात वापरले नाहीत तर गेले. आता माझं बघा. कागदावर मीटर ६८६२ ला पोचलाय, पण खऱ्या मीटरला तिथं पोचायला आणखी दोन महिने लागणार. समजा माझा वापर १४४, मग १४८, मग १५२ झाला. तीन महिन्यांची बेरीज बरोब्बर ४४४. युनिट तेवढेच. पण नीट बिलं आली असती तर त्यातले ३०० युनिट स्वस्त दरात बसले असते आणि १४४ दुपटीच्या. आता एकाच महिन्यात घातले म्हणून स्वस्तातले फक्त १००, दुपटीचे २००, आणि तिपटीचे १४४.

स्वस्त दर एक धरला, दुसरा दोन आणि तिसरा तीन, तर नीट हिशेबानं मी ५८८ भाग द्यायला हवेत. ॲडजस्टवाल्या हिशेबानं ९३२. पुढचे दोन महिने बिल शून्य युनिटांचं आलं तरी माझे स्वस्तातले दोनशे युनिट कुणाच्या खात्यात गेले? वर वीज शुल्क सोळा टक्के, तेही फुगलेल्या रकमेवर. तेव्हा युनिट आपोआप ॲडजस्ट होतात, पैसे होत नाहीत. त्यासाठी चुकलेल्या महिन्याचंच बिल खऱ्या रीडिंगनं पुन्हा करून घ्यावं लागतं. शिवाय पुढच्या महिन्यात माझा मीटर ६७१० दाखवणार आणि सिस्टिमला मागचं रीडिंग ६८६२ माहीत. मीटर उलटा फिरला असं तिला वाटणार, आणि अशा गोंधळात सरासरीचं बिल निघण्याचीही शक्यता असते. मग चुकीवर चूक.

मी हे सगळं वहीत मांडून नानांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे माझंही एकदा असंच केलं असेल का?" आणि घरी जाऊन सात वर्षांची बिलं असलेली पत्र्याची पेटी घेऊन आले. तो दिवस त्यात गेला. निष्पन्न काही झालं नाही. एका बिलात नानांना उलट कंपनीनं सूट दिल्याचं निघालं. ते बिल त्यांनी पेटीच्या तळाशी ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हे आपल्यात."

१४ जुलैला उपविभाग कार्यालय. बिलिंग सेक्शनला लोखंडी कपाटांची भिंत आहे आणि त्या भिंतीमागून आवाज येतो. आवाजानं माझं बिल मागितलं. मी बिल, मीटरचा माझ्या मोबाइलवरचा फोटो आणि लेखी अर्ज खिडकीतून सरकवला. आवाज म्हणाला, "मीटर फास्ट असेल. मीटर टेस्टिंगचे पैसे भरा, लॅबला पाठवू."

"मीटर बरोबर आहे. तुमच्याच फोटोत पाच आहे."

"फोटो क्लिअर नसतो. टेस्टिंग करून घ्या, तुमचाच डाउट जाईल."

माझा मीटरवर डाउट नव्हताच. तक्रार रीडिंगची आणि उपाय मीटरचा. टेस्टिंगचा निकाल येईपर्यंत बिलाची मुदत उलटणार आणि मीटर ठीक निघाला की "बघा, मीटर बरोबर आहे, म्हणजे बिल बरोबर आहे" असं म्हणायला ते मोकळे. तरी घरी येऊन मी तेही तपासलं, कारण नानांना सांगितल्यावर गप्प बसणं शक्य नव्हतं.

ज्यांना स्वतःला करायचंय त्यांच्यासाठी सांगतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि जवळच एक आकडा छापलेला असतो. माझ्या मीटरवर ३२०० आहे. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद केलं, फ्रिजचीही पिन काढली आणि फक्त शंभर वॉटचा एक पिवळा बल्ब लावला, तर तासाला एक दशांश युनिट जळतं, म्हणजे ३२० वेळा लुकलुक. तीन मिनिटांत सोळा. तसला बल्ब आता दुकानात शोधावा लागतो, नानांकडे माळ्यावर चार होते. नाना प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन मीटर रूममध्ये बसले. वरच्या मजल्याचे सायकल काढायला आले, त्यांना नानांनी हात वर करून थांबवलं. कोळ्याच्या जाळ्यांमधून पावसाचं पाणी भिंतीवर ओघळत होतं, स्कूटरच्या पेट्रोलचा वास, आणि त्या अंधारात लाल ठिपका. मी मोबाइलवर घड्याळ लावलं होतं. माझे सोळा झाले. नानांचे सतरा. मी म्हटलं, एखादा दोनदा मोजला असेल. ते म्हणाले, "माझ्या डोळ्यांवर शंका घ्यायची असेल तर मी वर जातो." पुन्हा मोजले, तेव्हा दोघांचेही सोळा आले. मीटर ठणठणीत.

तिथंच मला पाचाचा आठ कसा झाला तेही दिसलं. मीटरचा पडदा एकच आकडा दाखवत नाही. आधी तारीख, मग वेळ, मग युनिटांचा आकडा, मग कमाल मागणी, असे पडदे काही सेकंदांनी बदलत राहतात. आमच्या मीटरची काच धुरकट झालीय आणि पाचाच्या न पेटलेल्या दोन रेघाही तिरकस पाहिलं की पुसट दिसतात. त्या भरून वाचल्या की आठ. अख्ख्या इमारतीचे मीटर, हातात मोबाइल, बाहेर पाऊस. त्या पोराला मी फार दोष देणार नाही. पण आदल्या महिन्यात १३९ युनिट वापरणारं घर अचानक ४४४ वर गेलं, तर बिल छापण्याआधी कुणीतरी फोटो एकदा उघडून बघायला नको का? तीन सेकंदांचं काम. ते तीन सेकंद कंपनीनं वाचवले आणि माझा जुलै घेतला.

पुढचा मुद्दा पैशांचा. खिडकीतल्या आवाजानं सांगितलं, "आधी बिल भरा, मग दुरुस्तीचं बघू. नाही तर लाइन कट होईल." हे अर्धसत्य आहे आणि त्यावरच लाखो लोक मुकाट्यानं पैसे भरून मोकळे होतात. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार वीज तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि रकमेबद्दल वाद असेल तर ग्राहकानं निषेध नोंदवून मागितलेली पूर्ण रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीनं निघणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती भरली की वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. हे मी वकिलाच्या आविर्भावात सांगितलं. आवाज कपाटामागून बाहेर आला. तो एक बारीकसा, थकलेला माणूस निघाला. त्याच्या टेबलावर माझ्यासारख्या अर्जांचा एवढा गठ्ठा होता की मला माझा आविर्भाव थोडा कमी करावा लागला. "साहेबांची सही आणा बिलावर," तो म्हणाला, "कॅश काउंटर कमी पैसे घेणार नाही त्याशिवाय."

सही २१ तारखेला मिळाली, कारण साहेब आधी फॉल्टवर, मग मीटिंगला, मग पुन्हा फॉल्टवर होते. पावसाळ्यात हे खरंही असतं. मी २४ जुलैला सरासरीची रक्कम भरली आणि पावतीसोबत निषेधाचं पत्र दिलं. त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. हा शिक्का मिळवायला सही मिळवण्याइतकाच वेळ लागला, कारण शिक्का होता पण शाईचा पॅड सुकलेला. नाना सोबत होते. त्यांनी खिशातून पेन काढून पॅडवर रिफिल ओतायचा प्रयत्न केला. त्यांच्या शर्टावर तो आवक शिक्का अजून आहे.

त्यावेळी त्या थकलेल्या माणसानंच आपण होऊन खरी वाट सांगितली. रीडिंगची दुरुस्ती म्हणजे त्यांच्या भाषेत बी-८०. हेल्पलाइनवर किती तक्रारी केल्या, कुणी काय आश्वासन दिलं, याला अर्थ नाही. बिलिंगनं बी-८० चा प्रस्ताव टाकला पाहिजे आणि वरच्यानं तो मंजूर केला पाहिजे, तेव्हाच सिस्टिममधला आठ हलतो. "पुढच्या वेळी आलात की बिल दुरुस्ती कधी होणार असं विचारू नका," तो म्हणाला. "बी-८० टाकली का विचारा. मग कुणी टाळत नाही." माझ्या सगळ्या टिपणांमध्ये उपयोगी पडलेलं वाक्य हे एकच, आणि ते रेकॉर्ड झालेलं नाही.

मंजुरी आलीच नाही तर काय, याचीही तयारी करून ठेवली. कंपनीकडे लेखी तक्रार केल्यावर समाधान झालं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच असतो. तो वीज कायद्याच्या कलम ४२ नुसारच नेमलेला. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथं जायचं. मंचाच्या निकालानंही भागलं नाही तर विद्युत लोकपाल. ते राज्य वीज नियामक आयोग नेमतो आणि आपल्याकडे त्यांची कार्यालयं मुंबईत आणि नागपुरात आहेत. तिथं बिल, फोटो, शिक्क्याची प्रत आणि तारीखवार टिपण लागतं. ९ जुलै, तक्रार क्रमांक, ४८ तासांचं आश्वासन. ११ जुलै, निराकरण न करता तक्रार बंद. १४ जुलै, अर्ज आणि मीटर टेस्टिंगचा सल्ला. २४ जुलै, निषेधासह भरणा. टिपणात आपली चीड लिहायची नसते, हे मला बायकोनं सांगितलं आणि पहिल्या मसुद्यातली दोन पानं फाडली.

नानांना मात्र लोकपाल हा शब्द इतका आवडला की बी-८० मंजूर झाल्याची बातमी आली तेव्हा ते चक्क हिरमुसले. "म्हणजे आता जायचं नाही?" त्यांनी शर्ट धुवून ठेवला होता. शिक्का न निघालेला.

८ ऑगस्टला नवं बिल आलं. मागील रीडिंग ६५६२. आठ गेला, पाच आला. जास्तीची रक्कम समायोजनात वजा. मी बिल नानांच्या हातात दिलं. त्यांनी ते पाटबंधाऱ्याच्या सवयीनं शेवटच्या ओळीपासून वर वाचायला सुरुवात केली आणि थांबले.

"हे बहात्तर रुपये कसले?"

विलंब आकार. सव्वा टक्का. चुकीचं ५,७९० रुपयांचं बिल मी मुदतीत पूर्ण भरलं नाही म्हणून. मूळ रक्कम चुकीची होती हे त्यांना मान्य, ती वजा केली हेही मान्य, पण ती वेळेवर भरली नाही याचा दंड शाबूत. मी फोन लावला. स्पीकरवर टाकण्याची चूक केली नाही, पण नाना माझ्या खांद्याला कान लावूनच बसले होते. पलीकडे आज आणखी कुणीतरी नवीनच.

"सर, ते बी-८० मध्ये कव्हर झालं नसेल. त्यासाठी वेगळी तक्रार नोंदवावी लागेल. नोंदवू का?"

मी काही बोलायच्या आत नानांनी फोन माझ्या हातातून घेतला, घसा साफ केला आणि सरळ बसले.